उधार नाही म्हणायचं, पण लिहून

फिंतासमध्ये आमचं धान्य-किराण्याचं दुकान आहे. शेजारचं महबूला, पुढे अबू हलिफा, मंगाफ, फहाहील हा सगळा किनारपट्टा भारतीयांनी गजबजलेला. त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही, आणि उधारी मागणाऱ्यालाही नाही. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर अबू हलिफ्यात खानावळ चालवणारे एक कोल्हापूरकर गृहस्थ दुकानात आले. वर्षभर अधूनमधून माल नेत होते, दर वेळी रोखीनं. चहा झाला आणि म्हणाले, "काका, आता सगळा माल तुमच्याकडूनच घेतो. महिन्याला सहाशे दिनारचा होईल. फक्त पैसे साठ दिवसांनी."

मी म्हणालो, "बघतो."

या एका शब्दानं मी पूर्वी भरपूर नुकसान करून घेतलंय. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून आपण "बघतो" म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ "हो" असा घेतो, दोन दिवसांनी यादी पाठवतो, पोऱ्या माल भरतो आणि उधारी सुरू होते. ती द्यायचं ठरवलं कुणीच नव्हतं. म्हणून परदेशात असो की गावात, लहान दुकान चालवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: उधार नाकारायचं असेल तर दोन दिवसांच्या आत नाकारा, आधी फोनवर सांगा आणि मग तेच लिहून द्या. लिहायचं म्हणजे काय आणि का, ते पुढे सांगतो.

आधी हिशेब. तो पत्रात घालायचा नाही, पण तो स्वतःशी झाल्याशिवाय पत्रात ठामपणा येत नाही.

महिन्याला 600 दिनारचा माल. तूरडाळ, तांदूळ, तेल, मसाले यांत मिळून मला शेकडा 10 सुटतात, म्हणजे 60 दिनार. माल मला 540 ला पडतो. आता साठ दिवसांची उधारी म्हणजे माझे किती पैसे अडकणार? बहुतेक जण पटकन सांगतात, सहाशे. ते चूक आहे. पहिल्या महिन्याचा माल गेला, दुसऱ्या महिन्याचाही गेला, तरी माझ्या हातात एक फिल्सही आलेला नाही. वहीत 1,200 दिनार येणं दिसतं, आणि त्यातले 1,080 माझ्या खिशातून गेलेले असतात. तिसऱ्या महिन्यात पहिले पैसे येतात, पण तोवर नवा माल जातो. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी हे हजारेक दिनार कायमचे त्या खानावळीतच राहणार. शुवैखचा घाऊक व्यापारी मला पंधरा दिवस थांबतो, साठ नाही. मधली भर मी कुठून घालायची?

आणि सुरळीत चाललं नाही तर? 1,080 बुडाले तर महिन्याला 60 दिनार नफ्यानं ते भरून निघायला अठरा महिने लागतात. दीड वर्ष दुकान उघडायचं, पोती उचलायची, आणि हातात शून्य. यात त्या गृहस्थांच्या सचोटीचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याकडे जेवणारे लोक बहुतेक तेल कंपन्यांच्या ठेकेदारांच्या हाताखालच्या ठेकेदारांकडे कामाला. वरचं बिल अडलं की मधल्याचा पगार लांबतो, पगार लांबला की खानावळीचे पैसे लांबतात, आणि त्या साखळीच्या शेवटी मी. शिवाय इथे माणूस व्हिसावर असतो. काम संपलं की परत जातो, कधी कधी महिन्याभरात. चांगला माणूसही विमानात बसल्यावर वसुलीला सापडत नाही.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवतो ना!" यावर थोडं थांबतो, कारण कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसानं ही गोष्ट माहीत करून घ्यायलाच हवी. इथे 1982 साली सूक अल-मनाख नावाचा अनधिकृत शेअरबाजार कोसळला. तिथले व्यवहार रोखीनं होतच नव्हते. आज शेअर घ्यायचा, पुढच्या तारखेचा चेक द्यायचा, आणि त्या तारखेपर्यंत भाव चढलेला असेल या भरवशावर वर भलामोठा चढावा कबूल करायचा. ज्याच्या हातात चेक आला तो त्याच्या जोरावर स्वतःचा चेक फाडायचा. कायद्यानं चेक दाखवल्याबरोबर वठायला हवा, पण तारखेआधी कुणी बँकेत जायचं नाही असा आपसातला संकेत होता. ऑगस्टमध्ये चेक वठेनासे झाले आणि सगळी माळ तुटली. मोजदाद झाली तेव्हा असे सुमारे 94 अब्ज डॉलरचे चेक सुमारे 6,000 लोकांमध्ये फिरत होते. शेवटी सरकारला निस्तरायला उतरावं लागलं.

खानावळीचा सहाशे दिनारचा चेक कुठे आणि ते कुठे, हे मलाही कळतं. पण गोष्ट एकच आहे. पुढच्या तारखेचा चेक ही उधारीच, फक्त कागदावरची. न वठलेल्या चेकवरून कोर्टात जाता येतं, त्यामुळे धाक राहतो हे खरं. पण मग कोर्टकचेरी अरबीत, वकिलाची फी, आणि ज्या माणसाबरोबर गणपतीच्या आरतीला उभं राहायचं त्याच्यावर फिर्याद. मला पैसे हवे असतात, खटला नको असतो. चेक घेऊन उधार द्यायचंच असेल तर ते उधार समजूनच द्या. "रोखीत दिलं" अशी मनाची समजूत घालू नका.

मग मी नकाराचं पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा वाईट होता. त्यात लिहिलं होतं, "सध्या बाजारात मंदी असल्यामुळे उधारीची सोय करू शकत नाही." सून हिशेब बघते, तिनं वाचलं आणि विचारलं, "मंदी संपली की देणार का?" बरोबर होतं तिचं. कारण तात्पुरतं दिलं की मागणीही तात्पुरती थांबते आणि दोन महिन्यांनी परत येते. "वरूनच माल मिळत नाही" हे तर त्याहून वाईट, कारण त्या माणसाचा ड्रायव्हर दुकानात येतो आणि भरलेली फळी त्याला दिसते. "आम्ही कुणालाच उधार देत नाही" हे वाक्य छान आहे, पण खरं असेल तरच लिहावं. आमच्याकडे दोन जुनी खाती आहेत, दहा वर्षांची, महिनाअखेर चुकती होणारी. फिंताससारख्या ठिकाणी ते लपत नाही. म्हणून खरं तेच लिहायचं: नवं खातं उघडत नाही.

आणखी एक मी कटाक्षानं टाळतो, ते म्हणजे ऐकीव गोष्टी. "तुमच्याकडे अमक्याचे पैसे थकलेत असं समजतं" हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी कागदावर येता कामा नये. ते खोटं निघालं तर तुम्ही बदनामी केलीत, आणि खरं निघालं तर त्या माणसाला तुम्ही कायमचं तोडलंत. नकार उधारीला द्यायचा आहे, माणसाला नाही.

पण नुसता नकार दिला तर पत्राचा उपयोग अर्धाच. उधार मागणाऱ्याला खरोखर काय हवं असतं हे बघावं. खानावळीत लोक महिन्याचे पैसे पगारानंतर देतात. त्यामुळे महिनाभराचा माल एकदम रोखीनं घ्यायला त्यांच्याकडे 600 दिनार एका वेळी नसतात. पण आठवड्याला 150? ते जमू शकतं. पार्सल नेणारे, जाता-येता जेवणारे असतात, त्यांचे पैसे रोज येतात. म्हणजे अडचण पैशांची कमी आणि ढिगाची जास्त होती. ढीग लहान केला की उधारीची गरजच पुष्कळशी विरते. माझा ड्रायव्हर शनिवारी अबू हलिफ्याला जातोच, त्याला चार पोती जास्त न्यायला काही लागत नाही.

मग सवलत. रोखीला शेकडा 2 सोडायचे ठरवले. 150 च्या मालाला 147 घ्यायचे. चार आठवड्यांत माझे 12 दिनार जातात, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा, 60 चे 48 होतात. पण 48 हातात असतात आणि हजार दिनार घरी असतात. त्यांच्या बाजूनं बघा: साठ दिवसांनी 600 देण्याऐवजी आज 588. साठ दिवसांचे 2 टक्के म्हणजे वर्षाला साधारण 12 टक्के झाले. पैसे बाजूला असतील तर याहून चांगला उपयोग त्यांना मिळायचा नाही. मात्र सवलत किती द्यायची हे आपला नफा बघून ठरवा. ज्याला शेकडा 5 च सुटतात त्यानं 2 सोडणं म्हणजे जवळजवळ निम्मं घर देणं. त्यानं सवलत देऊ नये, पोहोच फुकट द्यावी किंवा महिनाभर भाव कायम ठेवावा.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं. नाव काढलं आहे, बाकी तसंच.

"श्री. ... यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्याकडून महिन्याचा सर्व माल घेण्याची इच्छा आपण दाखवलीत, त्याबद्दल आभारी आहे. वर्षभर आपण जो व्यवहार केलात तो चोख होता, हे आधी नमूद करतो.

साठ दिवसांच्या उधारीची आपली विनंती मात्र आम्हाला मान्य करता येत नाही. आमचे भांडवल मर्यादित आहे, घाऊक व्यापाऱ्याला आम्हाला पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि म्हणून आम्ही नवीन उधारी खाते उघडत नाही. पुढच्या तारखेच्या चेकलाही हेच लागू आहे.

रोखीत मात्र आपल्यासाठी पुढीलप्रमाणे सोय करू शकतो. आपली यादी दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावी. माल शनिवारी सकाळी आपल्या दारात पोहोचेल, त्याचे भाडे घेणार नाही. दर खेपेला 125 दिनार किंवा त्याहून जास्त माल असल्यास बिलावर 2 टक्के सूट देऊ. तांदूळ, तूरडाळ आणि तेल यांचे भाव महिन्याच्या एक तारखेला ठरतील आणि महिनाभर बदलणार नाहीत. पैसे माल उतरवण्यापूर्वी के-नेटने किंवा रोख द्यावेत. त्या वेळी पैसे तयार नसल्यास माल परत आणला जाईल आणि पुढच्या खेपेला पाठवला जाईल, त्याबद्दल गैरसमज नसावा.

ही सोय पसंत असल्यास येत्या शनिवारपासून सुरू करू. काही शंका असल्यास दुकानात यावे किंवा फोन करावा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
..."

यातलं "मान्य करता येत नाही" हे वाक्य दुसऱ्याच परिच्छेदात आहे, तिथेच हवं. मी पूर्वी ते तळाशी लिहीत असे, चार आभाराच्या ओळींनंतर, आणि वाचणाऱ्याचा अर्ध्या पत्रापर्यंत "मिळणार" असा समज व्हायचा. नकाराचं कारण एका वाक्यात संपतं. जितकी कारणं जास्त, तितकी एकेक करून खोडायला सोपी. आणि "सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू" हे मी लिहिलेलं नाही, कारण माझा तसा विचार नव्हता. तुमचा असेल तर तारखेसकट लिहा, आणि त्या तारखेला खरंच विचार करा.

"माल परत आणला जाईल" ही ओळ सुनेला कठोर वाटली होती. मी ती ठेवली, कारण उधारी पत्रात नाकारली तरी ती दारातून आत शिरते. ड्रायव्हर पोहोचतो, पोती उतरतात, आणि मग कळतं की मालक बाहेर गेलेत, मशीनला नेटवर्क नाही, नाहीतर "निम्मे आता घे, निम्मे पुढच्या शनिवारी." हे निम्मे म्हणजे 75 दिनारची उधारी झाली, कुणाच्याही परवानगीशिवाय. म्हणून क्रम ठरवून द्यावा लागतो: आधी के-नेटची पावती, मग दोर सोडायचा. ड्रायव्हरला हे मालकानं सांगायचं असतं आणि परत माल आणला म्हणून त्याला एकदाही रागवायचं नसतं. एकदा रागावलात की पुढच्या वेळी तो उतरवूनच येईल. माझी खूण सोपी आहे. शनिवारी रात्री वहीत त्या खात्यासमोर शून्य असलं पाहिजे. आकडा असला, मग तो तीन दिनारचा का असेना, तर रविवारी सकाळी फोन जातो. तीनाचे तीस व्हायला एक महिना पुरतो.

इथे एक फरक करतो, नाहीतर मला कंजूष म्हणाल. समोरच्या इमारतीत राहणारा पोरगा पंचवीस तारखेला येऊन म्हणतो, पगार झाला नाही, पाच दिनारचं पीठ-तेल द्या. त्याला पत्र लिहायचं नसतं. त्याला पीठ-तेल द्यायचं असतं. पण ते दुकानाच्या वहीत लिहू नका. मी माझ्या खिशातले महिन्याला वीस दिनार यासाठी वेगळे ठेवतो. त्यातून देतो, आले तर आले. वीस संपले की त्या महिन्यात संपले. दुकानाची उधारी आणि माणुसकी एका वहीत मिसळली की दोन्ही बुडतात, हे मी फार महाग शिकलो. तेव्हा ज्यानं शिकवलं तो आज इथे नाही, म्हणून त्याच्याबद्दल काही बोलत नाही.

उधार मागणाऱ्यांनाही एक सांगतो. दुकानदारानं असं पत्र दिलं तर रागावण्याआधी त्यातली रोखीची सोय नीट वाचा आणि आपल्या आठवड्याच्या जमेशी ताडून बघा. खानावळवाल्यांनी एवढं जरी केलं, की महिन्याच्या मेंबरांकडून निम्मे पैसे एक तारखेला आगाऊ घेतले, तर आठवड्याच्या रोखीचा प्रश्न राहत नाही. अर्धे मेंबर कुरकुरतील. ते जेवायला मात्र येतील.

कोल्हापूरकरांचं उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, फोन नाही. मंडळाच्या कार्यक्रमात दिसले तर दुरूनच मान हलवली. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. आणि गेलं असतं तरी मी तेच पत्र पाठवलं असतं, पण वाईट वाटलं नसतं असं म्हणणार नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मोबाईलवर यादी आली. खाली नाव नाही, नमस्कार नाही. तांदूळ दोन पोती, तूरडाळ, शेंगदाणे, तेलाचे डबे, कांदा-लसूण मसाला. बेरीज केली तर 118 दिनार झाले, सुटीच्या मर्यादेला सात दिनार कमी.

सुनेनं विचारलं, "यांना दोन टक्के द्यायचे का?"

मी म्हणालो, "पत्रात 125 लिहिलंय." मग जरा वेळानं त्यांना फोन लावला आणि विचारलं, गूळ संपला असेल ना?